नवराबायकोतल्या रागाचं गाऱ्हाणं

प्रश्न: लग्नाला ९ वर्षं झाली, देवगड तालुक्यात राहतो, हापूसची कलमं आहेत. मी चिडून बोलायला गेले की हे एक शब्द न बोलता बाईक काढून निघून जातात आणि रात्री येऊन झोपतात. मग मी आणखी चिडते. सासूबाई म्हणतात बाईने राग गिळायचा असतो, गीतेत पण तेच सांगितलंय. खरंच तसं आहे का? आणि रोजच्या घरात नक्की करायचं काय?

उत्तर:

ताई, मी सिंधुदुर्गात २६ वर्षं कीर्तन-प्रवचन करतोय आणि त्यातली १२ वर्षं आठवड्यातून दोन दिवस नवराबायकोंच्या समुपदेशनाला बसतो, त्यामुळे पोथीत काय आहे आणि घरात काय होतं हे दोन्ही जवळून बघितलंय.

आधी सासूबाईंचं वाक्य घेऊ. गीतेत राग गिळा असं कुठेच नाहीये. पाचव्या अध्यायातला २३ वा श्लोक बघा, ‘शक्नोतीहैव यः सोढुं प्राक्शरीरविमोक्षणात्, कामक्रोधोद्भवं वेगं स युक्तः स सुखी नरः’. सोढुं म्हणजे सोसायला, आणि सोसायचा काय तर वेग. खाडीला भरती जोरात असली की आपला होडीवाला होडी बांधून थांबतो, पाणी उतरलं की निघतो, तसं आहे हे. ज्या कारणाने राग आला ते कारण विसरून जा, बोलूच नका, असं त्यात काही नाही. आणि हे सांगितलंय कोणाला तर अर्जुनाला, हातात धनुष्य असलेल्या पुरुषाला, मग ते फक्त सुनेच्याच पदरात कसं पडलं ते मला आजवर कळलेलं नाही.

गिळल्यावर काय होतं ते पण गीतेतच आहे, दुसऱ्या अध्यायात ६२ आणि ६३ वा श्लोक. सुरुवात होते ‘ध्यायतो विषयान्पुंसः’ अशी. म्हणजे एखादी गोष्ट मनात घोळवत बसलं की तिच्यात जीव गुंततो, त्यातून हवं-नको उभं राहतं, त्यातून राग, रागातून संमोह, मग स्मृती जाते, मग बुद्धी, मग सगळंच. ज्ञानोबा माऊली तर म्हणतात, ‘जेथ कामु उपजला, तेथ क्रोधु आधींचि आला’, म्हणजे मनात अपेक्षा धरली तिथेच राग आधीपासून येऊन बसलेला असतो. माझा अनुभव असा की माणसं ही पायरी उतरतात ती भांडणात नाही, भांडणाच्या आधी दोनतीन तास, एकटी असताना.

एका जोडप्याचं सांगतो, त्यांची परवानगी आहे आणि ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात. त्यांचीही कलमं, एप्रिलचा शेवट, रोज संध्याकाळी ५ ला टेम्पो येऊन पेट्या घेऊन वाशीला जाणार. आढी लावायचं काम बाईंकडे. एके दिवशी सकाळी आढी उघडली तर पेंढ्यात बराच माल डागी निघाला, १४ पेट्या भरतील एवढा. नवरा गड्यांसमोरच बोलला, तुला साधी आढी लावता येत नाही. आणि गेला बागेत. बाई काहीच बोलल्या नाहीत, गिळलं. मग त्या ८ गड्यांचं जेवण करायला लागल्या. ९ वाजल्यापासून १ वाजेपर्यंत चुलीसमोर तेच वाक्य, तोच आवाज, गड्यांचे चेहरे, मग त्यातून मागच्या वर्षीचं, मग दिराला दिलेले पैसे, मग बाळंतपणात हे आले नव्हते ते. १ वाजता नवरा जेवायला आला आणि म्हणाला, आमटी गरम नाय काय? झालं. त्याच्या दृष्टीने भांडण आमटीवरून सुरू झालं आणि बायकोच्या दृष्टीने ते ४ तास चालूच होतं. तो बावचळला, उठला, बाईक काढली आणि गेला. त्या ओरडत राहिल्या. १४ पेट्यांचं कोणीच बोललं नाही.

मला पुढे कळलं की डाग आढीमुळे नव्हताच बहुतेक. दोन दिवस आधी नवीन गड्याने झेला नीट न वापरता फळं खाली पाडली होती, देठ तुटून चीक सालीवर आला होता, मुका मार बसला होता, तो माल तसाच आढीत गेला. आढी कितीही छान लावली तरी मार बसलेलं फळ आतून जाणारच. पण हे शांतपणे बघायला दोघांपैकी कोणाची बुद्धी जाग्यावर नव्हती. ‘स्मृतिभ्रंशाद् बुद्धिनाशो’ म्हणतात ते हेच.

आता ओळखायचं कसं की आपण कुठल्या पायरीवर आहोत. शंकराचार्य स्मृती म्हणजे शास्त्राने आणि गुरूने दिलेल्या संस्कारांची आठवण असा अर्थ करतात, मी प्रवचनात घरापुरता तो असा लावतो की समोरच्या माणसाने आपल्यासाठी केलेलं सगळं पुसलं जातं. त्याची खूण तोंडात सापडते. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘तुमच्या घरचे सगळे’, यातला एक जरी शब्द आला तरी समजायचं स्मृती गेली, कारण कुठलाच माणूस नेहमी तसा नसतो, आपल्याला त्या क्षणी दुसरं आठवत नाही एवढंच. मी जोडप्यांना सांगतो की या शब्दांवर लक्ष ठेवा, पण स्वतःच्या. समोरच्याच्या तोंडातला ‘कधीच’ पकडून दाखवायला गेलात तर त्याचंच नवीन भांडण होतं, हे मी खूप बघितलंय.

दुसरी खूण अंगात असते. अमेरिकेत जॉन गॉटमन नावाचे संशोधक आहेत, त्यांनी नवराबायकोंना समोरासमोर बसवून, अंगाला नाडी मोजायची यंत्रं लावून त्यांची भांडणं अनेक वर्षं अभ्यासली. त्यांचं सांगणं असं की नाडी मिनिटाला १०० च्या वर गेली की माणसाला समोरच्याचं ऐकून घेता येत नाही, आणि मग निदान २० मिनिटं थांबावं लागतं. गप्प होऊन आत मिटून घेणाऱ्यांमध्ये त्यांना बहुतेक पुरुषच दिसले. म्हणजे तुमचे हे बाईक काढतात तेव्हा त्यांना तुमची पर्वा नाही असंच असेल असं नाही, आतून ते बुडत असतील. वर सांगितलेल्या जोडप्यातला नवरा माझ्यासमोर एवढंच म्हणाला होता, ‘माका तेव्हा बोलाकच सुचत नाय ओ, कानात नुसता घुमता.’ बायकोने हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती रडली, कारण ती इतकी वर्षं समजत होती की तो मुद्दाम अपमान करतो.

नाडी बघायला घड्याळ पुरतं. अंगठ्याखाली मनगटावर दोन बोटं ठेवायची, १५ सेकंद मोजायचं, २५ च्या पुढे गेलं की थांबायचं. फक्त घाटी चढून किंवा पेट्या उचलून आलेल्याची नाडी तशीच वाढलेली असते, आणि बीपीच्या काही गोळ्यांनी ती रागातही कमी राहते, अशा वेळी नाडीवर न जाता हात थरथरणं, कान गरम होणं, आवाज चढणं यावर जायचं.

पण थांबायचं कसं यात सगळी मेख आहे. तुमचे यजमान आत्ताही थांबतातच की, २० मिनिटं काय चार तास थांबतात, तरी उपयोग होत नाही, कारण जाताना ते परत कधी येणार हे सांगत नाहीत. राहणाऱ्याला ते टाकून जाणं वाटतं. जायचं असेल तर एक वाक्य बोलून जायचं, ‘मला आत्ता बोलता येत नाही, मी साडेआठला येतो तेव्हा बोलू.’ वेळ २० मिनिटांपेक्षा कमी नको आणि दुसऱ्या दिवसावर शक्यतो नको. आणि ज्याने वेळ मागून घेतली त्यानेच साडेआठला येऊन विषय काढायचा, दुसऱ्याला काढायला लागू नये. हे शेवटचं पाळलं नाही तर दोनतीन वेळात विश्वास जातो आणि मग दारात उभं राहून अडवणं, चावी काढून घेणं असले प्रकार सुरू होतात.

त्या वेळात करायचं काय तर हाताला काम द्यायचं. नारळ सोला, पोफळींना पाणी सोडा, अंगण झाडा, खाडीपर्यंत चालत जाऊन या. माहेरी फोन लावू नका आणि मित्राच्या पडवीत बसू नका, कारण तिथे तेच पुन्हा सांगावं लागतं, म्हणजे ‘ध्यायतो’ परत चालू, नाडी खाली येतच नाही. आणि बाटलीकडे तर जायचंच नाही. ज्या दिवशी घेतलीय त्या दिवशी काहीच बोलणं करायचं नाही, हा नियम दोघांनी शांत असताना ठरवून ठेवायचा.

आता दार बंद करून बसलेल्या माणसाशी काय बोलायचं, तर त्यासाठी आपल्याकडे ताटीचे अभंग आहेत. ज्ञानेश्वर रागावून, दुखावून झोपडीची ताटी लावून बसले आणि मुक्ताबाई बाहेर उभी राहून विनवते आहे. ‘विश्व रागे झाले वन्हि, संती सुखे व्हावे पाणी’. हा चरण लग्नात, हळदीकुंकवात नव्या नवरीला ऐकवतात, तू पाणी हो म्हणून. मला ते पटत नाही. ती धाकटी बहीण थोरल्या भावाला सांगते आहे, ज्याला सगळे मानतात त्याला सांगते आहे. म्हणजे घरात ज्याचा शब्द चालतो, ज्याच्या हातात पैसा आहे, पाणी व्हायची पहिली पाळी त्याची. आणि तिच्याच अभंगात ‘जीभ दातांनी चाविली, कोणें बत्तीशी तोडिली’ असं आहे, आपल्याच दातांखाली आपली जीभ आली म्हणून कोणी दात पाडून घेत नाही. मुक्ताबाई ज्ञानोबांना तुझं चुकलं असं म्हणून सुरुवात करत नाही आणि तुझं दुखणं खोटं आहे असंही म्हणत नाही, तुम्हाला बंद दाराशी बोलायची वेळ आली तर एवढं तिच्याकडून घ्या.

साडेआठला समोरासमोर बसल्यावर बोलायचं कसं यासाठी मला शास्त्रापेक्षाही आपलं गाऱ्हाणं जास्त उपयोगी पडलंय. देवळात गाऱ्हाणं घालतात ते तुम्ही लहानपणापासून ऐकलंय. गावकार उभा राहतो, देवाला नावाने हाक मारतो, काय झालंय ते सांगतो, काय हवंय ते मागतो. देवाला तो कधी म्हणत नाही की तू नेहमी असाच, तुझ्या मनात आमच्याबद्दल काही नाही. आणि त्याचं एकेक वाक्य संपलं की बाकीचे काय करतात? ‘व्हय म्हाराजा!’ मध्येच कोणी उठून म्हणत नाही की पण गेल्या वर्षी तू नारळ दिला नव्हतास.

घरात तेच करायचं. ज्याचं दुखलंय त्याने तीन गोष्टी बोलायच्या, काय झालं, मला काय वाटलं, मला काय हवं. दोनतीन वाक्यात. दुसऱ्याने प्रत्येक वाक्यानंतर ते ऐकलं असं दाखवायचं, आपल्या शब्दात परत सांगायचं, बाजू मांडायची नाही. ऐकलं म्हणजे मान्य केलं असं नसतं, हे पुरुषांना दोनदा सांगावं लागतं. मग पाळी बदलायची.

त्या बाईंनी मला आधी जे वाक्य सांगितलं होतं ते होतं, ‘तुमका माझी किंमतच नाय, कधीच नव्हती.’ आम्ही अर्धा तास बसून ते बदललं. शेवटी ते झालं, ‘मंगळवारी आढीवरून तुम्ही गड्यांसमोर बोललात, माका लाज वाटली, काय चुकला तर आत बोलवून सांगा.’ याला नवऱ्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्यात नाकारण्यासारखं काही नव्हतं. तो म्हणाला, ‘गड्यांसमोर बोललंय ह्या खरा.’ एवढंच. त्याची पाळी आली तेव्हा पहिल्यांदा बाहेर आलं की त्या आठवड्यात आधीच्या मालाची पट्टी अपेक्षेपेक्षा बरीच कमी आली होती, फवारणीची औषधं उधारीवर होती आणि त्याने घरात सांगितलंच नव्हतं. तिला १४ पेट्यांचा राग दिसला, त्यामागची उधारी दिसलीच नव्हती.

यावरून आठवलं, तुकोबांची आणि आवलीची उसाची गोष्ट कीर्तनात फार रंगते, लोक हसतात. मी ती नवराबायकोच्या प्रवचनात सांगायचं बंद केलं. लोक घरी जाताना फक्त ती बाई तापट होती एवढंच घेऊन जातात. दुष्काळात त्या घराची काय दशा झाली, पहिली बायको ‘अन्न अन्न करितां मेली’ हे तुकोबांनी स्वतः लिहिलंय, त्या घरात ही बाई पोरं सांभाळत होती हे कोणाच्या लक्षात राहत नाही.

बोलण्याची कसोटी हवी असेल तर सतराव्या अध्यायातला १५ वा श्लोक पुरे, ‘अनुद्वेगकरं वाक्यं सत्यं प्रियहितं च यत्’. वाक्य समोरच्याला ढवळून काढणारं नको, खरं हवं, गोड हवं, हिताचं हवं. लोक यातलं प्रिय तेवढं धरतात आणि सत्य सोडतात. राग गिळून ‘काही नाही, मी ठीक आहे’ म्हणणं कानाला गोड आहे पण खरं नाही, म्हणजे सासूबाईंचा सल्ला याच श्लोकावर नापास होतो. आणि तोंडावर फाडकन बोलून ‘मी खरंच बोलले’ म्हणणं, ते पण नापास, कारण उद्वेग झाला. हे सासूबाईंना वाद घालायला सांगू नका, तुमच्यापुरतं ठेवा. त्यांनीही आयुष्यभर गिळलेलं असणार.

सगळ्यात आधीची सवय मात्र चुलीसमोरची. मनात तेच वाक्य तिसऱ्यांदा फिरलं की ते कागदावर लिहायचं, बाजारच्या यादीच्या मागे का होईना, एका ओळीत, आणि त्याखाली कधी बोलणार ती वेळ. मनाला एकदा कळलं की हे बोललं जाणार आहे, तर ते घोळवणं बरंच कमी करतं. संध्याकाळी बघितल्यावर निम्म्या ओळी खोडल्या जातात. उरलेल्या गाऱ्हाण्याला घ्यायच्या. समर्थांचा ‘नको रे मना क्रोध हा खेदकारी’ म्हणायला चांगलाच आहे, पण मनाला नको नको म्हणत राहून भागत नाही, त्याला दुसरी जागा द्यावी लागते.

आणि सगळे वाद मिटतील अशी आशा धरू नका. दिराला पैसे द्यायचे की नाही, मुंबईला जायचं की इथेच राहायचं, असले विषय वर्षानुवर्षं परत येतात. गॉटमन यांच्या पाहणीत जोडप्यांच्या वादांपैकी सुमारे ६९ टक्के असे कायमचेच निघाले. त्या जोडप्याचा दिराचा विषय अजून तसाच आहे, फक्त आता तो आमटीत येत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. वर लिहिलेलं सगळं दोघांनाही एकमेकांची भीती नसेल तरच लागू आहे. नवरा हात उचलत असेल, वस्तू फेकत असेल, पैसे किंवा फोन काढून घेत असेल, तुम्ही बोलायच्या आधी त्याचा चेहरा बघून घाबरत असाल, तर गाऱ्हाणं, २० मिनिटं, अभंग, काही करत बसू नका. तो प्रश्न रागाचा नसतो. महिलांसाठी १८१ हा नंबर आहे, तातडीला ११२, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडे जा. कुठल्याही पोथीने मार सोसायला सांगितलेलं नाही. तुमच्या प्रश्नावरून तसं वाटलं नाही, पण तुम्ही लिहिलं नसेल तर म्हणून सांगितलं.

सुरुवात कधी करायची ते पण बघा. एप्रिल-मे मध्ये नको, झोप नाही, उन्हाचा कार, टेम्पोची घाई, त्यात नवीन सवय टिकत नाही. आगोट पडली, माल संपला, हिशोब झाले की एखाद्या संध्याकाळी, पोटभर जेवल्यावर, भांडण नसताना यजमानांना एवढंच विचारा, तुम्ही निघून जाता तेव्हा तुम्हाला आतून काय होतं? आणि ते काहीही म्हणाले तरी पहिल्यांदा फक्त ‘व्हय’ म्हणा. पहिले दोनतीन आठवडे एकच विषय घ्या, तो पण लहान, ओला टॉवेल खाटेवर टाकण्यासारखा. दिराचे पैसे, सासूबाई, बाळंतपण असले मोठे विषय गणपतीनंतर.